घराच्या आतून फिरणाऱ्या व्हिडिओचा प्रॉम्प्ट: कॅमेरा सरकतो, पण खोली खरी वाटत नाही

उंबरठा

नमस्कार. बांधकाम अपुरे असलेल्या एका घराची आतून ओळख करून देणारी छोटी चित्रफीत मी एआयच्या साहाय्याने तयार करत आहे. प्रत्यक्ष चित्रीकरण अद्याप शक्य नाही. माझ्याकडे घराचा नकाशा आहे आणि बैठकीच्या खोलीचे एक स्थिरचित्र आहे. ते स्थिरचित्रही एआयनेच काढलेले आहे. नकाशाप्रमाणे खोली 6.5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 2.7 मीटर उंच आहे. डाव्या भिंतीत मोठी खिडकी आहे आणि समोरच्या भिंतीत बंद दार आहे. हे स्थिरचित्र पहिली फ्रेम म्हणून देऊन मी पाच सेकंदांच्या क्लिपसाठी पुढील प्रॉम्प्ट वापरला.

```
Cinematic luxury living room walkthrough, smooth gliding
camera, beautiful natural light, golden hour, spacious,
ultra realistic, 8K, no people, no distortion
```

वीसेक प्रयत्न झाले असतील. त्यांतील बहुतेक क्लिपमध्ये कॅमेरा पुढे जाण्याऐवजी चित्रच हळूहळू मोठे होत गेल्यासारखे वाटते. खिडकी डावीकडे असूनही सोफ्याची उजवी बाजू लख्ख उजळलेली दिसते. दोन क्लिपमध्ये तर माणसे नकोत असे स्पष्ट लिहूनही दारापाशी कोणीतरी उभे राहिले. मात्र सर्वांत जास्त खटकते ती खोलीची भव्यता. नकाशातील साधी बैठकीची खोली पडद्यावर एखाद्या सभागृहासारखी दिसते. प्रॉम्प्टमध्ये नेमके काय चुकते आहे?

भिंगवाला

प्रॉम्प्टमध्ये छायाचित्रणाची भाषा नाही, हे त्याचे कारण आहे. भिंगाची नाभीय लांबी, छिद्राचा आकार, आयएसओ आणि कॅमेऱ्याचा प्रकार हे सर्व लिहावे. 24 मिलिमीटरचे भिंग लिहिले की खोलीचे प्रमाण आपोआप योग्य येते, कारण एआयचे प्रतिमान, म्हणजे मॉडेल, त्या भिंगाने टिपलेल्या छायाचित्रांवर शिकलेले असते. स्थिरचित्रांसाठी मी नेहमी असेच लिहितो आणि निकाल चांगला येतो. `8K` हा शब्द मात्र काढू नये, त्याने तपशील वाढतो.

पायवाट

मला या कामाचा थोडा अनुभव आहे. मी माझ्या राहत्या घराचा असा व्हिडिओ फोनवर काढला होता. चालताना प्रतिमा वरखाली हलत असल्यामुळे शेवटी फोन गिम्बलवर लावला, गुडघे किंचित वाकवून टाचेपासून पुढे पाऊल टाकत चालले आणि सगळी खोली मावावी म्हणून अतिरुंद भिंग निवडले. खोल्या फारच मोठ्या दिसल्या. पाहुणे आल्यावर म्हणाले, व्हिडिओत तर महाल वाटत होता! तुम्हीही गिम्बल वापरून पाहा.

उंबरठा

@पायवाट, आभारी आहे, परंतु येथे चित्रीकरण करायचेच नाही. खोली अजून प्लास्टर न झालेल्या विटांची आहे.

@भिंगवाला, भिंगाचा उल्लेख करून पाच वेळा क्लिप काढल्या. रंग थोडे बदलले, पण खोलीचा आकार तसाच राहिला.

समांतर

मी वास्तुरचनांची संगणकीय दृश्ये तयार करते, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे. पायवाट यांनी प्रश्न वेगळा घेतला असला तरी त्यांच्या घराचा महाल का झाला, यातच आपल्या उत्तराचा एक धागा आहे, म्हणून त्याकडे नंतर येते.

आधी भिंगाविषयी. भिंगवाला यांचे म्हणणे स्थिरचित्र शून्यापासून काढताना बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे `24mm` लिहिले की दृश्याची रुंदी साधारण त्या जातीची येते. मात्र उंबरठा यांनी पहिली फ्रेम स्वतः दिली आहे. त्या फ्रेममध्ये भिंग, कॅमेऱ्याची उंची, दाराचा आणि खुर्चीचा आकार हे सर्व आधीच गोठलेले आहे. पुढचा प्रॉम्प्ट त्या फ्रेमला हलवू शकतो, तिची मापे दुरुस्त करू शकत नाही. खोली सभागृहासारखी दिसत असेल, तर दोष व्हिडिओच्या प्रॉम्प्टमध्ये नसून स्थिरचित्रात आहे आणि तो तेथेच तपासला पाहिजे. `8K` या शब्दाने तयार होणाऱ्या फाइलचे आकारमान बदलत नाही, ते साधनाच्या सेटिंगवर ठरते. त्या शब्दाने फार तर कडा अधिक धारदार होतात आणि भिंतीला प्लॅस्टिकसारखी चकाकी येते.

स्थिरचित्र तपासण्याची एक जुनी, चित्रकारांना ठाऊक असलेली रीत आहे. कॅमेरा सरळ समतल धरलेला असेल, तर क्षितिजरेषा प्रत्येक वस्तूला एकाच उंचीवर कापते आणि ती उंची म्हणजे कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची. वस्तू जवळ असो वा लांब, हे बदलत नाही. फरशीच्या सांध्यांच्या दोन समांतर रेषा चित्रात पुढे वाढवल्या की त्या जेथे मिळतात, त्या बिंदूतून आडवी रेषा ओढावी. ती आपली क्षितिजरेषा. आता उंबरठा यांनी तीन मापे द्यावीत: दाराची चित्रातील उंची, ही रेषा दाराला तळापासून किती पिक्सेलवर कापते, आणि पाय स्पष्ट दिसणाऱ्या एखाद्या खुर्चीसाठी हीच दोन मापे.

उंबरठा

चित्र 1920 गुणिले 1080 पिक्सेलचे आहे. दार 450 पिक्सेल उंच आहे आणि रेषा त्याला तळापासून 225 पिक्सेलवर, म्हणजे बरोबर मध्यावर कापते. उजवीकडे जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची सुटी ठेवलेली आहे. तिच्या पायापासून रेषेपर्यंत 380 पिक्सेल भरतात, तर पायापासून पाठीच्या वरच्या कडेपर्यंत 220.

समांतर

मग उत्तर हाती आले. दार 2.1 मीटर उंच धरले आणि रेषा ते मध्यावर कापत असेल, तर कॅमेरा 1.05 मीटर उंचीवर आहे. त्याच रेषेने खुर्ची मोजू. 380 पिक्सेल म्हणजे 105 सेंटीमीटर, तर 220 पिक्सेल म्हणजे सुमारे 61 सेंटीमीटर. जेवणाच्या खुर्चीची पाठ जमिनीपासून साधारण 90 सेंटीमीटरवर असते, म्हणजे ती चित्रात सुमारे 325 पिक्सेल उंच हवी होती. तुमच्या खोलीत बालवाडीची खुर्ची ठेवलेली आहे. डोळा खुर्चीला खरी मानतो आणि मग दार तीन मीटरांहून उंच भासते, भिंती त्याहून उंच भासतात. स्थिरचित्राच्या प्रॉम्प्टमध्येही `spacious` आणि `luxury` असतील, तर त्या शब्दांनी हेच केले आहे. प्रतिमानाने खोली मोठी न करता सामान लहान केले.

म्हणून स्थिरचित्राच्या प्रॉम्प्टमधून ते दोन्ही शब्द काढावेत. `2.1 m door` असे आकडे लिहून विशेष उपयोग होत नाही, कारण ही साधने मीटर मोजत नाहीत; एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूशी असलेले नाते मात्र त्यांना बरे समजते. 2.7 मीटरच्या भिंतीत 2.1 मीटरचे दार भिंतीच्या तीन चतुर्थांशांहून किंचित वर पोहोचते, हे तसेच्या तसे लिहावे. कॅमेरा 1.4 मीटरवर हवा असेल, तर डोळ्याची रेषा दाराला दोन तृतीयांश उंचीवर कापेल आणि 75 सेंटीमीटरचे टेबल जमिनीपासून रेषेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून थोडे वर येईल. असे चित्र मिळेपर्यंत व्हिडिओकडे वळू नये. मला एका खोलीसाठी कधी कधी तीस चित्रे काढावी लागतात. स्थिरचित्र क्लिपपेक्षा पुष्कळ लवकर तयार होते, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही.

मोजपट्टी

हिशेब पटला, पण एक शंका आहे. दार 2.1 मीटरचेच आहे हे आपण गृहीत धरले. खुर्ची 90 सेंटीमीटरची धरून दार मोजले असते, तर दारच अवाढव्य ठरले असते आणि खुर्ची निर्दोष सुटली असती. चूक खुर्चीची की दाराची, हे ही रेषा सांगत नाही.

समांतर

बरोबर आहे. रेषा केवळ विसंगती दाखवते. दोषी कोण हे ठरवण्यासाठी तिसरी वस्तू लागते. टेबल, ओटा, दाराची मूठ, विजेच्या बटणांची पाटी, ज्यांची उंची सहसा फारशी बदलत नाही अशा वस्तू घ्याव्यात. तिघांपैकी दोघांचे जुळले की तिसरा सापडतो.

आता सरकत्या कॅमेऱ्याकडे वळते. `smooth gliding` हे विशेषण आहे, त्यात मार्ग नाही. कोठून, कोणत्या दिशेने, कशाकडे आणि कोठे थांबायचे, हे न सांगितल्यास प्रतिमान सर्वांत सोपी वाट धरते आणि चित्र फुगवत नेते, म्हणजेच झूम करते. खरे सरकणे आणि झूम यांतला भेद मोजून दाखवता येतो. समजा कॅमेरा दारापासून 6 मीटरवर सुरू होतो आणि पाच सेकंदांत 2 मीटर पुढे जातो, म्हणजे सेकंदाला 40 सेंटीमीटर. हा वेग निवांत आहे आणि घर पाहणाऱ्याला मानवतो. दार 6 मीटरवरून 4 मीटरवर आले, म्हणून ते दीडपट मोठे दिसले पाहिजे. खुर्ची 3.5 मीटरवर असेल, तर ती 1.5 मीटरवर येते आणि तिच्या पाठीची रुंदी सव्वादोनपटीहून थोडी अधिक वाढली पाहिजे. एवढ्या जवळून तिचे पाय फ्रेमच्या खाली निघून जातात, म्हणून उंचीऐवजी रुंदी मोजावी. दार आणि खुर्ची दोन्ही सारख्याच पटीने वाढत असतील, तर कॅमेरा जागचा हललेलाच नाही.

उंबरठा

आत्ताच मोजले. दार 1.3 पट, खुर्चीची पाठ 1.3 पट. वीस प्रयत्नांत मी केवळ झूम पाहत होतो तर.

भिंगवाला

भिंगाबाबत स्थिरचित्राचा मुद्दा मान्य करतो. परंतु प्रकाशासाठी `golden hour` ठेवायला काय हरकत आहे? मावळतीच्या प्रकाशात घर आकर्षक दिसते आणि तोही नैसर्गिक प्रकाशच आहे.

समांतर

नैसर्गिक आहे, पण वेगळा आहे. मावळतीचा सूर्य खाली असतो. त्याचे ऊन खिडकीतून तिरपे आत शिरते, फरशीवर लांब, स्पष्ट कडांचे पट्टे उमटवते आणि उरलेली खोली बरीच अंधारी ठेवते. `beautiful natural light` याने मात्र प्रतिमान सर्वत्र पसरलेला मऊ उजेड आणते. दोन्ही एकत्र मागितले की ते पिवळसर रंग एकाकडून घेते आणि सर्वत्र सारखा उजेड दुसऱ्याकडून. हा उजेड कोणत्याही खिडकीतून येत नाही, म्हणून सोफा दोन्ही बाजूंनी उजळतो. ऊन हवे असेल तर खुशाल घ्यावे, पण मग अंधारे कोपरेही स्वीकारावेत.

मी बहुधा ढगाळ दिवसाचा प्रकाश मागते. तो एकाच खिडकीतून येतो असे लिहिते, दिवे बंद आहेत असे लिहिते आणि सावलीची बाजू कोणती तेही लिहिते, कारण प्रकाशाचा खरेपणा उजळलेल्या भागापेक्षा न उजळलेल्या भागात जास्त असतो. खिडकीपासून लांबची भिंत मंद दिसलीच पाहिजे आणि खिडकीबाहेरचे दृश्य फिकट, किंचित पांढरे पडल्यासारखे दिसले तर ते योग्यच आहे. बाहेरचे झाड आणि आतला कोपरा सारख्याच स्पष्टतेने दिसू लागले की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण चित्र बनावट वाटते. क्लिप तपासताना फरशीवरील एका सावलीवर बोट ठेवावे. कॅमेरा सरकताना ती फरशीला चिकटून राहिली पाहिजे. सोफ्याबरोबर फ्रेममधून घसरत जाणारी सावली मी पुष्कळदा पाहिली आहे.

मोजपट्टी

आणि दारातला तो पाहुणा?

समांतर

`no people` लिहिल्याने तो आला असण्याची बरीच शक्यता आहे. अनेक साधनांमध्ये मुख्य प्रॉम्प्टमधील नकार नीट पोहोचत नाही, उल्लेख तेवढा पोहोचतो. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर त्या तेथे लिहाव्यात, नसेल तर खोली रिकामी आणि स्तब्ध आहे असे होकारार्थी लिहावे. `no distortion` याचेही तेच. शिवाय दार बंद ठेवलेत ते चांगले केलेत, उघडे दार म्हणजे पलीकडची खोली मनाने रचण्याचे आमंत्रण असते.

नवीन स्थिरचित्र जमल्यावर त्यासोबत मी असा मजकूर देईन. यात सामानाचे वर्णन जवळजवळ नाही, कारण ते चित्रात आहेच.

```
One continuous shot. The camera glides straight ahead,
slowly, at constant speed, level, at chest height, from
the edge of the rug toward the closed door, and stops
well before it. The chair on the right passes close by.
Soft overcast daylight comes only from the window on the
left; all lamps are off; the right side of the sofa stays
in shade. Constant exposure. The room is empty and still.
```

खुर्ची जवळून मागे जाते हे वाक्य मुद्दाम आहे. जवळची वस्तू आणि लांबचे दार यांच्या वेगात फरक पडल्याशिवाय ते वाक्य खरे होत नाही, त्यामुळे झूमची सोपी वाट काहीशी अडते.

पायवाट यांचा महाल राहिला. अतिरुंद भिंगाने जवळच्या कडा ताणल्या जातात आणि समोरची भिंत लांब ढकलली जाते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे 74 अंश पाहते, 16 मिलिमीटरचे सुमारे 97 अंश. त्या 97 अंशांत 6.5 मीटरची खोली सहज आठ-नऊ मीटरची भासते. म्हणून स्थिरचित्र काढताना `wide angle` एवढेच लिहून सोडू नये. येथे भिंगवाला यांचा 24 चा आकडा कामाचा आहे.

पायवाट

म्हणजे माझ्या फोनचा दोष नव्हता, मी निवडलेल्या भिंगाचा होता. एक विचारते: चालण्याचा अगदी हलका डोल ठेवला तर व्हिडिओ अधिक खरा वाटणार नाही का? सरळ रेषेत तरंगणारे कोणी घर पाहत नाही.

समांतर

मी ठेवत नाही, कारण डोल मागितला की भिंतींच्या कडाही लवचिक होऊन डोलतात. पण हा माझ्या पसंतीचा भाग झाला. काही सहकारी नंतर संपादनात अगदी सूक्ष्म डोल घालतात आणि तो शोभतो.

मोजपट्टी

पूर्ण घरासाठी काय करावे? एका क्लिपची शेवटची फ्रेम पुढच्या क्लिपची पहिली फ्रेम म्हणून देत सलग फेरी मारता येईल, असे मला वाटते.

समांतर

दोन-तीन जोडांपर्यंत ठीक. नंतर रंग आणि पोत घसरत जातात, लाकडाच्या रेषा पुसट होतात, कारण प्रत्येक क्लिप आधीच्या क्लिपच्या चुका वारसा म्हणून घेते. शिवाय कॅमेरा वळून पुन्हा पहिल्या भिंतीकडे आला, तर ती भिंत तीच राहील याची हमी नसते. मी प्रत्येक खोलीसाठी स्वतंत्र स्थिरचित्र आणि स्वतंत्र क्लिप करते आणि दारापाशी साधा कट देते.

भिंगवाला

पहिल्याबरोबर शेवटची फ्रेमही देता येते अशी साधने आहेत. मग मार्ग आपोआप बांधला जातो. मी ते वापरतो.

समांतर

दोन्ही फ्रेम एकाच त्रिमितीय आराखड्यातून काढलेल्या असतील तर याहून चांगला मार्ग नाही. दोन्ही वेगवेगळ्या कल्पिलेल्या असतील, तर मधल्या सेकंदांत खुर्ची वितळून दुसरी खुर्ची होते. उंबरठा यांच्याकडे नकाशा आहेच. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये करड्या ठोकळ्यांची खोली उभी करून, त्यात कॅमेरा 2 मीटर सरकवून त्या दोन फ्रेम घेतल्या आणि त्यांवर साहित्य चढवले, तर खोलीची मापे मुळातूनच खरी राहतील.

मोजपट्टी

मग तेथेच पूर्ण दृश्य रेंडर का करू नये? एवढे कष्ट घेऊन शेवटी कल्पनेवर सोपवायचे, आणि ते ग्राहकाला घर म्हणून दाखवायचे? चित्रात दिसणारी खिडकी नकाशातील खिडकीपेक्षा हातभर रुंद निघाली, तर उत्तर कोण देणार?

समांतर

वेळ असेल तर रेंडरच करावे, यावर माझा वाद नाही. वेळ नसेल तर क्लिपवर ती कल्पनाचित्र असल्याचे ठळक लिहावे, आणि खिडक्या, दारे व छताची उंची नकाशाशी पडताळल्याशिवाय ती बाहेर जाऊ देऊ नये.

मोजपट्टी

लिहिलेले वाचतो कोण? डोळ्यांत राहते ते चित्र. माझा आक्षेप कायम आहे.

उंबरठा

काल आणि आज मिळून पुन्हा काम केले, त्याचा वृत्तान्त देतो. ठोकळ्यांच्या खोलीवरून काढलेले अकरावे स्थिरचित्र रेषेच्या कसोटीला उतरले. रेषा दाराला तळापासून दोन तृतीयांशांवर कापते आणि खुर्ची 88 सेंटीमीटरची भरते. समांतर यांचा मजकूर जसाच्या तसा दिला. पहिल्या क्लिपमध्ये पुन्हा झूम आला. तिसऱ्या क्लिपमध्ये दार 1.45 पट वाढले आणि खुर्चीची पाठ 2.2 पट. सोफ्याची उजवी बाजू शेवटपर्यंत सावलीत राहिली आणि दारात कोणी आले नाही. खोली आता लहान वाटते, असे घरातल्यांचे मत पडले. ती नकाशाएवढीच वाटते, असे माझे.

क्लिपच्या खाली कल्पनाचित्र असल्याची ओळ घातली आहे. खिडकीची रुंदी मोजपट्टी यांच्या सांगण्यावरून तपासली, ती नकाशापेक्षा थोडी जास्त निघाली, त्यामुळे चित्र पुन्हा करत आहे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. शयनकक्षातील कपाटाला पूर्ण उंचीचा आरसा आहे. कॅमेरा सरकतो तेव्हा आरशातली खोली त्याच्याबरोबर न सरकता एखाद्या भिंतीवरच्या तसबिरीसारखी स्थिर राहते. प्रॉम्प्टमध्ये प्रतिबिंबाचे वर्णन केले, तर आरशात वेगळीच खोली दिसू लागते.

समांतर

आरशावर माझ्याकडेही भरवशाचा इलाज नाही. मी कॅमेऱ्याचा मार्ग असा ठेवते की आरसा अगदी तिरका, कडेने दिसेल, किंवा कपाटाचे दार चित्रापुरते सरकवलेले दाखवते.

भिंगवाला

आरशाचा भाग वेगळा रेंडर करून संपादनात बसवता येईल का? शनिवारी प्रयत्न करून येथे लिहितो.